गाळा घ्यायचा की गाडीला बॅग लावायची

जयसिंगपुरात मुख्य रस्त्याला लागून असलेला गाळा सहसा रिकामा होत नाही. झालाच, तर "भाड्याने देणे आहे" ही पाटी लागायच्या आत तो कुणीतरी धरलेला असतो. त्यामुळे ओळखीतल्या एका गाळेमालकानं "तुमच्यासाठी आठवडाभर थांबतो, मग मात्र माझा नाइलाज," असा निरोप दिला तेव्हा माझी झोपच उडाली. दहा बाय वीसचा गाळा, दोन लाख डिपॉझिट, महिना नऊ हजार भाडं. समोर गाडी लावायला जागा. कापड दुकानाला याहून काय पाहिजे?

मी उभी हयात दुसऱ्याच्या कापड दुकानात काढली. आधी ताग्यातलं कापड मोजून फाडून द्यायचो, मग रेडिमेडचा जमाना आला तसे शर्ट-पँटी उलगडून दाखवायला लागलो. गिऱ्हाईक चप्पल काढून आत येतानाच ते घेणार की नुसतं बघून जाणार हे मला कळतं. बायको सोबत असेल तर दुसरा शर्ट कधी पुढं सरकवायचा, हेही कळतं. ही विद्या स्वतःच्या गल्ल्यावर बसून वापरायची तेवढी राहून गेली होती.

मुलगा केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाला. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये चिकटेल असं आम्हाला वाटत होतं. तिथं काही जमलं नाही, तेव्हा एका वॉटर फिल्टरच्या डीलरकडं सर्व्हिसला लागला. चौदा हजार पगार आणि पेट्रोल. पाठीला बॅग लावून सकाळी जातो, संध्याकाळी हाताला फिल्टरच्या काळ्या कार्बनचे डाग घेऊन येतो. पदवी घेऊन हे करायचं होतं का, असं पाहुणे विचारतात. मला विचारतात, त्याला नाही.

तर माझा बेत असा होता. माझी दोन लाखांची ठेव मोडून डिपॉझिट भरायचं आणि मुलाच्या नावानं मुद्रा योजनेतून आठ लाख उचलायचे. मुद्रात पन्नास हजारांपर्यंत शिशु, पाच लाखांपर्यंत किशोर आणि त्याच्या वर दहा लाखांपर्यंत तरुण, अशा पायऱ्या आहेत. आपलं प्रकरण तरुणमध्ये बसतं. तारण लागत नाही. फर्निचरला अडीच लाख, मालाला पाच, उरलेले हाताशी. माल कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून आणायचा, तिथले व्यापारी मला नावानं ओळखतात. दुकान दोघांनी बघायचं.

रात्री जेवणं झाल्यावर मी हे सगळं त्याच्यापुढं मांडलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अण्णा, मी तुम्हाला सांगणारच होतो. मी डीलरकडचं काम सोडायलोय. स्वतःची सर्व्हिस चालू करणार."

"म्हणजे हीच बॅग?"

"हीच बॅग. फक्त मालक मी."

आमची मंडळी भांडी आवरता आवरता थांबली. आता हे दोघं भांडणार, असं तिला वाटलं असावं. पण पोरगं भांडलं नाही. त्यानं वहीचं मागचं पान फाडलं आणि मलाच प्रश्न विचारायला लागला. पुढचा सगळा हिशेब त्यानं माझ्याच तोंडून काढून घेतला.

"आठ लाखाला हप्ता किती?"

"पाच वर्षांची मुदत धरली आणि अकरा टक्के व्याज धरलं तर सतरा हजार चारशे." हे मी बँकेत विचारून आलो होतो.

"दुकानाचा महिन्याचा खर्च?"

भाडं नऊ हजार. एक पोरगं ठेवायला आठ. लाइटबिल अडीच, कारण कपड्याच्या दुकानात अंधार चालत नाही. पिशव्या, माल आणायचं भाडं, अल्टरेशन, चहापाणी मिळून आणखी अडीच. बावीस हजार झाले. हप्ता धरून एकोणचाळीस हजार चारशे.

"आणि घरात किती न्यायचे?"

"पंधरा तर पाहिजेत."

"म्हणजे चोपन्न हजार चारशे. आता खरं सांगा, शंभराच्या विक्रीत राहतात किती?"

इथं मी जरा घुटमळलो. कापडात खूप सुटतं अशी बाहेर समजूत असते, आणि ती सगळीच खोटी नाही. चारशेला आणलेला शर्ट आपण सहाशेला लावतो. पण सहाशेला तो जात नाही. गिऱ्हाईक घासाघीस करतं, शेवटी साडेपाचशेवर येतं. त्यातून उरलेल्या मालाचा फटका वजा केला तर शंभरामागं पंचवीस राहतात. त्याच्यापेक्षा जास्त सांगणारा एकतर नवा आहे, नाहीतर थापा मारतोय.

त्यानं भागाकार केला. चोपन्न हजार चारशे सुटायचे तर महिन्याला दोन लाख सतरा हजारांची विक्री पाहिजे. महिन्याला सव्वीस दिवस दुकान उघडं धरलं तर रोजची सव्वाआठ-साडेआठ हजारांची. म्हणजे साडेपाचशेचे पंधरा-सोळा शर्ट, रोज.

"दिवाळीत शंभर जातील," मी म्हणालो.

"आषाढात?"

आषाढ, पितृपक्ष, लग्नाचे मुहूर्त नसलेला सगळा चातुर्मास. त्या दिवसांत आम्ही सेल्समन लोक काचेतून रस्ता बघत उभे असायचो, हे मी घरी कितीदा तरी गमतीनं सांगितलेलं. त्याच्या ते बरोबर लक्षात होतं.

पण त्याचा खरा प्रश्न पुढंच होता. "अण्णा, तुमच्या दुकानात मार्चअखेरीला माल मोजायचा. वर्षभरात रॅकवरचा माल किती वेळा फिरायचा?"

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न सुचत नाही. लोक विक्री विचारतात, नफा विचारतात, माल किती वेळा फिरला हे कुणी विचारत नाही. दुकानात सरासरी पाच लाखांचा माल असेल आणि वर्षभरात खरेदीच्या भावानं दहा लाखांचा माल विकला गेला असेल, तर माल दोनदा फिरला. किराणा मालाच्या दुकानात तो वर्षात कितीतरी वेळा फिरतो, म्हणून तिथं कमी नफ्यातही चालतं. कापडाचं तसं नाही. आमचं दुकान जुनं, नावाजलेलं, तरी माल अडीच वेळेच्या वर फिरल्याचं मला आठवत नाही.

का फिरत नाही, हे रॅकसमोर उभ्या राहिलेल्या माणसालाच कळतं. शर्ट एकेक विकत मिळत नाहीत, सेटवर मिळतात. एका रंगाचे एम, एल, एक्सएल, डबल एक्सएल. एल आणि एक्सएल आधी उचलले जातात. मग सेट तुटतो. तुटलेल्या सेटमधला एम आवडलेलं गिऱ्हाईक नेमकं एल मागतं. तो एल पुन्हा आणायचा तर अख्खा सेट आणावा लागतो, आणि तोपर्यंत तो रंगच जुना होतो. असे तुटके सेट रॅकच्या वरच्या कप्प्यात जातात, तिथून पोटमाळ्यावर, आणि मग "सेल"च्या पाटीखाली खरेदीच्या भावात किंवा त्याच्याही खाली. दुकान भरलेलं दिसतं ते पुष्कळदा असल्या मालानं. रॅकवर माल आहे म्हणजे पैसा आहे, हे बँकेच्या कागदावर खरं असतं. हप्त्याच्या तारखेला नसतं.

"अडीच वेळा," मी सांगितलं.

"म्हणजे पाच लाखांचा माल वर्षात साडेबारा लाखांचा फिरणार. पंचवीस टक्के धरून विक्री होणार साडेसोळा-पावणेसतरा लाखांची. महिन्याला एक लाख चाळीस हजार धरू. त्यात सुटणार पस्तीस हजार. आणि नुसता खर्च अन् हप्ता एकोणचाळीस."

म्हणजे घरात एक रुपया न आणता महिन्याला चार-साडेचार हजारांचा खड्डा. तेही आमच्या जुन्या दुकानाच्या वेगानं माल फिरला तर. नव्या दुकानाला तो वेग कधी येणार?

"उद्घाटनाच्या महिन्यात गर्दी होईल," मी म्हणालो. पण ती पाहुण्यांची गर्दी. ते एकदा आहेर म्हणून खरेदी करतात आणि पुढच्या वेळी उधारीवर करतात.

उधारीचा विषय निघाला, आणि आमच्या शिरोळ तालुक्यात उधारीला उसाचं वेळापत्रक असतं. "बिल आलं की देतो," असं सांगणारा माणूस लबाड नसतो. कायद्यानं ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळायला पाहिजेत. मिळतात कधी आणि किती तुकड्यांत, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कारखान्यानं बिल उशिरा काढलं की कापडवाल्याचं येणं उशिरा येतं. बँकेला मात्र ऊस माहीत नसतो. हप्ता लागोपाठ तीन महिने थकला की खातं एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जात जातं. तारण नाही म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घराचा कागद बँकेत नसला तरी दुकानातला माल बँकेकडं नजरगहाण असतो, आणि पोराच्या सिबिलवर डाग पडला की पुढं गृहकर्जालाही दारातूनच परत पाठवतात.

मी म्हटलं, "मग माल वाढवू. पाचाऐवजी आठ लाखांचा भरू. गांधीनगरवाले मला पंचेचाळीस दिवसांची उधारी देतील."

तो हसला. "म्हणजे बँकेचं एक कर्ज आणि व्यापाऱ्याचं दुसरं. अन् वरच्या कप्प्यात आणखी तुटके सेट."

हे त्याला कुणी शिकवलं? मीच, त्याच्या लहानपणापासून, जेवताना बोलता बोलता.

त्या रात्री मी तिथंच थांबलो. हरलो म्हणून नव्हे. आता त्याच्या धंद्याचा हिशेब माझ्या पद्धतीनं तपासायचा, असं ठरवूनच झोपलो. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "तुझं पान काढ."

त्याचं पान लहान होतं. टीडीएस मीटर, मल्टिमीटर, प्रेशर गेज, ड्रिल, पाने, कटर अशी हत्यारं पंधरा हजारांची. सुरुवातीचे पार्ट पन्नास हजारांचे: सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर, आरओत क्षार अडवणारे थोडे मेंब्रेन, पंप, पॉवर सप्लाय, व्हॉल्व्ह, पाइप आणि कनेक्टर. एकूण पासष्ट हजार. गाडी आहे. त्याचे साठवलेले पंचेचाळीस हजार आहेत.

"हे पार्ट किती वेळा फिरतात?" मी विचारलं. आता माझी पाळी होती.

"फिल्टर महिन्या-दीड महिन्यात संपतात. तेच दोन-तीन प्रकार बहुतेक मशीनला बसतात. इथं एल, एक्सएल नाही."

बरं. पण गिऱ्हाईक कुठून येणार? इथं त्यानं मला आपल्या तालुक्यातल्या पाण्याबद्दल जे सांगितलं ते इतकी वर्षं इथं राहून मला धड माहीत नव्हतं. नदीचं नळाला येणारं पाणी आणि शिवारातल्या बोअरचं पाणी यांत फार फरक आहे. ज्या भागात पाणी देऊन देऊन जमीन क्षारपड झाली, तिथल्या काही बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला बाराशे-पंधराशे मिलिग्रॅमपर्यंत त्यानं स्वतः मोजलाय. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाचशेपर्यंत चांगलं धरतात. दुसरी सोयच नसेल तर दोन हजारांपर्यंत चालवून घेतात. बोअरवाल्या घरात आरओ कामाला येतो. नळाचं पाणी दीडशे-दोनशेचं असेल त्या घरात आरओ लावून वर पाऊण पाणी मोरीत सोडून देणं म्हणजे नुसती चैन.

"मग तिथं काय करणार?"

"आरओची गरज नाही म्हणून सांगणार. साधा फिल्टर आणि यूव्ही बास."

"म्हणजे गिऱ्हाईक घालवणार."

"अण्णा, तुम्ही आखूड माणसाला डबल एक्सएल विकला असता का?"

विकला असता, मालकानं सांगितलं असतं तर. पण हे मी बोललो नाही.

खरी कमाई त्याच्या मते वर्षाच्या करारात आहे. एका घराकडून वर्षाचे अठ्ठावीसशे रुपये आधी घ्यायचे. त्यात दर चार महिन्यांनी एक फेरी, ठरलेले फिल्टर आणि मध्येच काही बिघडलं तर त्याची फेरी. फिल्टरचा खर्च नऊशेच्या आसपास. सुरुवातीला पंचवीस घरं तरी मिळतील, असा त्याचा अंदाज होता. "पंचवीस घरांचे सत्तर हजार रोख हातात येतात. त्यात मी गाडी बदलतो. ही फार पेट्रोल पिते."

तिथं मी त्याला धरलं.

"दहाव्या महिन्यातला फिल्टर कुणाच्या पैशानं घालणार?"

तो माझ्याकडं बघत राहिला.

दुकानात आपण माल आधी देतो आणि पैसे नंतर मिळतात. त्याला उधारी म्हणतात आणि तिची सगळ्यांना भीती असते. याच्या धंद्यात पैसे आधी येतात आणि माल नंतर द्यायचा असतो. कानाला हे गोड लागतं, पण बघायला गेलं तर हेही कर्जच आहे. बँकेऐवजी पंचवीस घरांकडून घेतलेलं. व्याज नाही, पण परतफेडीची तारीख आहे; आणि ती चुकली तर बँक नोटीस पाठवते, इथं बाई सगळ्या गल्लीला सांगते.

मग त्याच पानावर मी त्याला लिहायला लावलं. सत्तर हजार आले. त्यातले साडेबावीस हजार फिल्टरचे, ते आपले नव्हेतच, वेगळ्या खात्यात गेले पाहिजेत. उरले साडेसत्तेचाळीस. ते बारा महिन्यांच्या कामाचे आहेत, म्हणजे एका महिन्याला चार हजारांपेक्षाही थोडे कमीच. "सत्तर हजार हातात दिसले तरी तुझा पगार झाला चार हजार. त्यातून पेट्रोल वजा."

पोराचा चेहरा जरा उतरला. मला वाईट वाटलं, पण थोडं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानं पुन्हा बेरीज केली. सव्वाशे घरांचे करार झाले तर महिन्याला एकोणीस-वीस हजार. सव्वाशे घरांना वर्षात चारेक फेऱ्या धरल्या तर रोजच्या दोनही फेऱ्या होत नाहीत, म्हणजे सुट्या कॉलला वेळ उरतो. सुट्या कॉलला पार्टचे पैसे वजा जाता साडेतीनशे सुटतात. असे महिन्याला चाळीस मिळाले तर चौदा हजार. पावसाळ्यात नदीला गढूळ पाणी आलं की सेडिमेंट फिल्टर महिन्याभरात चोंदतो, फोन वाजत राहतो. थंडीत फोन कमी. पण सव्वाशे घरं व्हायला दीड-दोन वर्षं जाणार, आणि तोवर सुट्या कॉलवर दिवस काढायचे.

कराराच्या दरातही मला एक भोक दिसलं, आणि हे माझ्या धंद्यानं शिकवलेलं नव्हतं, साध्या शंकेनं सुचलं. सगळ्या घरांना एकच दर कसा? पंधराशे टीडीएसच्या बोअरवर मेंब्रेन लवकर जाणार, नळाच्या पाण्यावर टिकणार. मेंब्रेन हजार-बाराशेचा. करारात तो धरला तर चार बोअरवाली घरं दहा नळवाल्या घरांची कमाई खाऊन टाकतील. यावर त्याचं उत्तर मात्र तयार होतं. दर सांगायच्या आधी मीटर पाण्यात बुडवायचा. पाचशेच्या आत एक दर, पाचशेच्या वर दुसरा, आणि मेंब्रेन कराराच्या बाहेर. मेंब्रेन गेला की नाही हेही मीटरच सांगतो: आत जाणारं पाणी बाराशेचं आणि बाहेर येणारं शंभराच्या आसपास असेल तर मेंब्रेन ठीक, बाहेरचं अडीचशे-तीनशे दाखवायला लागलं तर बदलायला आला. आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा आणि कार्डावर लिहून ठेवायचा. म्हणजे पुढच्या वर्षी वाद नको.

कार्डावर लिहून ठेवण्याची गोष्ट मला आवडली. आम्ही कापडवाले तोंडी बोलतो.

एक गोष्ट मी निक्षून सांगितली. डीलरकडची गिऱ्हाइकांची यादी उचलायची नाही. मी दुसऱ्या दुकानात गेलो असतो तर जुन्या मालकाची गिऱ्हाइकं ओढून नेली नसती. तो म्हणाला, "यादी नेत नाही. पण माझा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये आहे, त्यांनी फोन केला तर?" याला माझ्याकडं सरळ उत्तर नव्हतं. शेवटी असं ठरलं, की ज्यांचा डीलरशी करार चालू आहे त्यांचं काम करार संपेपर्यंत करायचं नाही. ते त्यानं मान्य केलं, आणि त्यामुळं पंचवीसची पंधरा घरं झाली, हेही तिथंच खोडून लिहिलं.

गाळ्याच्या बाजूनं बोलण्यासारखं माझ्याकडं अजून होतं आणि ते मी बोललो. मागच्या पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला, तेव्हा डीलरनं खाडे कापले. स्वतःची सर्व्हिस असेल तर कोण कापणार? सगळंच बंद. दुकान असेल तर एखादा दिवस त्याची आई गल्ल्यावर बसू शकते. दुसरं, स्थळं यायला लागली आहेत. "मुलाचं दुकान आहे" हे वाक्य मुलीकडचे लगेच समजून घेतात. "मुलगा फिल्टर दुरुस्त करतो" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, पदवी कसली. हे बरोबर नाही, पण आहे.

आजारपणावर तो गप्प झाला. मग म्हणाला, की करारातली ठरलेली फेरी चार-आठ दिवस मागंपुढं झाली तरी चालते, आणि त्याच्या बरोबरचा एक पोरगा अडीअडचणीला फेऱ्या करील, त्याच्या वेळी हा करील. हे उत्तर अर्धंच होतं, त्यालाही ते माहीत होतं. स्थळांबद्दल त्याची आईच बोलली, "आठ लाखांचं कर्ज असलेलं दुकान म्हणून सांगणार आहात का तुम्ही?"

राहिला वीस हजारांचा प्रश्न. माझी ठेव मोडून देतो म्हटलं तर नको म्हणाला. शिशुमधून पन्नास हजार घेणार. मला हे पटेना. वीस कमी पडताना पन्नास कशाला? त्याचं म्हणणं असं, की पंधराच घरं मिळणार असतील तर पहिले सहा महिने हातात थोडं जास्त पाहिजे. आणि तीन वर्षं धंद्याच्या खात्यातून हप्ता नीट गेला तर पुढं कधी मोठं कर्ज लागलं तेव्हा बँकेकडं दाखवायला काहीतरी असेल. तीन वर्षांसाठी अकरा टक्क्यांनी पन्नास हजारांचा हप्ता सोळाशे चाळीस पडतो. मी त्याला एवढंच विचारलं, "सगळ्यांत वाईट महिन्यात किती सुटे कॉल मिळतील?" तो म्हणाला, "थंडीत, अगदी वाईट, दहा." दहा कॉलचे साडेतीन हजार. त्यातून हप्ता जातो. मग घे म्हटलं. हाच प्रश्न मी स्वतःला गाळ्याबद्दल विचारला असता, तर पितृपक्षातल्या विक्रीतून सतरा हजार चारशे काही सुटले नसते.

गाळेमालकाला मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. तिथं आता मोबाइलचं दुकान लागलंय. येता-जाता बघतो, चांगलं चाललेलं दिसतं. मालाचं काय ते त्यांनाच माहीत.

उद्यम नोंदणी मुलानं घरी बसून, फुकट करून घेतली. सोप्यातल्या कपाटाचे दोन खण पार्टसाठी रिकामे केले. वही माझ्याकडं आहे: एका बाजूला आलेले पैसे, दुसऱ्या बाजूला द्यायच्या राहिलेल्या फेऱ्या. फिल्टरचे पैसे जाणारं वेगळं खातं माझ्या सहीशिवाय हलत नाही, ही माझी अट होती. ती त्यानं कुरकुरत मान्य केली.

एका गोष्टीवर मात्र अजून आमचं जमलेलं नाही. घरी जाऊन मशीन बघितलं आणि गिऱ्हाईक "आत्ता नको, नंतर सांगतो" म्हणालं, तरी फेरीचे दीडशे रुपये घ्यायचे, असं त्याचं म्हणणं. मला ते बोलताना सुद्धा जड जातं. आम्ही एकेका गिऱ्हाइकासमोर चाळीस-चाळीस शर्ट उलगडलेत, पाणी पाजलंय, आणि ते उठून गेलं तर हसून "या परत" म्हटलंय. बघण्याचे पैसे कसले मागायचे? तो म्हणतो, "अण्णा, शर्ट परत घडी घालून रॅकवर ठेवता येतो. माझा तासभर परत कुठं ठेवू?" कार्डावर दीडशे छापून आलेत. दुरुस्ती केली तर ते बिलातून वळते करून द्यायचे, एवढं तरी खाली बारीक अक्षरात टाक म्हणून मी मागं लागलोय. पुढच्या छपाईला बघू म्हणतो.